फोटोला मिळालेले दहापैकी गुण नेमके कुणाचे?

पत्त्यांच्या कॅटसारखी चाळीस फोटोंची एक गड्डी. सगळे फोटो बायकांच्या चेहऱ्यांचे. काम एवढंच की एका व्यक्तीचे फोटो एका ढिगात टाकायचे. जितक्या व्यक्ती वाटतील तितके ढीग. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग मांडला. ब्रिटनमधल्या लोकांनी केलेल्या ढिगांचा मध्यक साडेसात निघाला, म्हणजे निम्म्या लोकांना त्या गड्डीत आठ किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या बायका दिसल्या. प्रत्यक्षात होत्या दोनच, प्रत्येकीचे वीस फोटो. दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध, पण ब्रिटनमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तीच गड्डी डच लोकांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी जवळजवळ बिनचूक दोन ढीग करून दाखवले.

चेहरा ओळखीचा असला की आपल्याला फोटो दिसतच नाही, माणूस दिसतो. उजेड वेगळा आहे, केस वेगळे आहेत, कॅमेरा खालून धरलाय, हे सगळं डोळा आपोआप वजा करतो. अनोळखी चेहऱ्याबाबत ही वजाबाकी जमत नाही. तिथे फोटो बदलला की आपल्या लेखी माणूसच बदलतो. आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या: फोटो बघून दिसण्याला 'दहापैकी सहा' असे गुण देणारा माणूस जवळजवळ नेहमी अनोळखीच असतो.

त्याच शोधनिबंधाचा दुसरा भाग आपल्या कामाचा आहे. वेगवेगळ्या माणसांचे प्रत्येकी अनेक फोटो घेऊन लोकांना आकर्षकपणाचे गुण द्यायला सांगितले. अपेक्षा अशी की एका माणसाचे सगळे फोटो आसपासचे गुण मिळवतील आणि खरा फरक माणसामाणसांत दिसेल. दिसलं ते वेगळंच. एकाच माणसाच्या फोटोंमधला फरक दोन वेगळ्या माणसांमधल्या फरकाला मागे टाकू शकत होता. २०१४ मध्ये अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि जेनी पोर्टर यांनी विश्वासार्हता, हुशारी यांसारख्या, चेहऱ्यावरून बांधल्या जाणाऱ्या इतर अंदाजांबाबतही हेच दाखवलं. फोटो बदलला की मत बदलतं, आणि हा बदल माणूस बदलल्याइतकाच मोठा असू शकतो.

म्हणून शीर्षकातला प्रश्न. त्या एका फोटोला मिळालेले गुण माणसाचे, की फोटोचे?

नाकाचं गणित

फोटोचा वाटा एवढा मोठा कसा असेल, असं वाटत असेल तर आधी फक्त अंतराचा विचार करू. उजेड, हसू, कपडे सगळं बाजूला ठेवा.

समोरून काढलेल्या फोटोत नाकाचं टोक कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतं. हा फरक ढोबळमानाने १२ सेंटिमीटर धरू. हात थोडा दुमडून सेल्फी घेतली की कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर येतो, म्हणजे कान ४२ सेंटिमीटरवर. वस्तू जितकी जवळ तितकी ती फोटोत मोठी उमटते, आणि हे थेट उलट प्रमाणात चालतं: अंतर निम्मं केलं की आकार दुप्पट. त्यामुळे या सेल्फीत नाकाला कानाच्या तुलनेत ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट जास्तीचा आकार मिळतो. आता कॅमेरा दीड मीटरवर न्या. अंतरं झाली १५० आणि १६२. हा पट उरला १.०८. दोन फोटो शेजारी ठेवले तर सेल्फीतलं नाक उरलेल्या चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के मोठं निघतं, आणि नाकात तर काहीच बदललेलं नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या संशोधकांनी डोक्याच्या मापांवरून असाच हिशेब केला. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के वाढीव दिसते आणि पाच फुटांवर हा परिणाम जवळपास संपतो, असं त्यांनी दाखवलं. त्यांना हा प्रश्न पडला कारण रुग्ण सेल्फी दाखवून 'माझं नाक मोठं आहे, लहान करून द्या' म्हणू लागले होते.

लोक सहसा दोष लेन्सला देतात. 'वाइड लेन्सने चेहरा बिघडतो' हे वाक्य अर्धंच खरं आहे. चेहऱ्याच्या भागांचं एकमेकांशी प्रमाण ठरतं ते अंतरावर. वाइड लेन्स असली की चेहऱ्याने चौकट भरण्यासाठी आपण जवळ जातो, आणि घोटाळा त्या जवळ जाण्याने होतो. त्याच लेन्सने लांबून फोटो काढून नंतर चेहऱ्यापुरता कापला, तर प्रमाण ठीक येतं, फक्त बारकावे थोडे कमी मिळतात.

आणि याचा गुणांवर परिणाम होतो का? होतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेतल्या संशोधकांनी त्याच माणसांचे फोटो ४५ आणि १३५ सेंटिमीटरवरून काढले आणि बघणाऱ्यांची मतं घेतली. जवळून काढलेले चेहरे लोकांना कमी आकर्षक, कमी विश्वासू आणि कमी कर्तबगार वाटले. आपण अंतरावरून मत बनवतोय हे बघणाऱ्याच्या गावीही नसतं. त्याला वाटतं, हा चेहराच असा आहे.

अंतर ही एकच गोष्ट झाली. उजेड वरून पडला की डोळ्यांखाली सावली येते आणि माणूस दमलेला दिसतो. समोरून मऊ उजेड पडला की त्वचेचे खाचखळगे पुसले जातात. हनुवटी दोन बोटं खाली-वर केली की जबड्याची रेघ बदलते. यांतलं प्रत्येक कारण वेगळं सांगत बसत नाही, पण एक मात्र सांगायलाच हवं: क्षण. बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ मधेच थांबवून बघा. बऱ्याचदा तो विचित्र दिसतो. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कुठेतरी अडकलेले. २०१२ मध्येच संशोधकांच्या एका गटाने हे मोजलं होतं. बोलत्या चेहऱ्याचा व्हिडिओ आणि त्याच व्हिडिओतून काढलेल्या सुट्या चौकटी, दोन्ही लोकांपुढे ठेवल्या. व्हिडिओतला चेहरा लोकांना जास्त चांगला वाटला. म्हणजे कापून काढलेला क्षण सरासरीनेच थोडा खालच्या बाजूला झुकलेला असतो. प्रत्यक्ष भेटीत आपण असे गोठलेले क्षण कधी बघतच नाही.

बघणाऱ्याचा वाटा

आता गुण देणाऱ्यांकडे वळू. इथे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, सौंदर्य बघणाऱ्याच्या नजरेत असतं. दुसरं म्हणतं, सगळ्यांना तेच चेहरे आवडतात, उगाच सारवासारव करू नका. मजा अशी की दोन्ही बाजूंना आपापले आकडे सापडतात.

दुसऱ्या बाजूचा आकडा मोठा दिसतो. २००० साली ज्युडिथ लँगलॉइस आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा घेतला. त्यात गुण देणाऱ्यांमधलं एकमत १ पैकी ०.९ च्या घरात येतं. हा आकडा ऐकला की वाटतं, विषय संपला. पण तो एका माणसाचा आणि दुसऱ्या माणसाचा मेळ सांगत नाही. तो सांगतो की गुण देणाऱ्यांच्या एका अख्ख्या गटाची सरासरी तशाच दुसऱ्या गटाच्या सरासरीशी किती जुळेल. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. समजा, कुठल्याही दोन व्यक्तींच्या गुणांमधला सहसंबंध जेमतेम ०.३ आहे, म्हणजे त्यांची आवड थोडीफार जुळते आणि बरीचशी जुळत नाही. अशा २४ जणांची सरासरी घेतली, तर त्या सरासरीचा भरवसा मानसशास्त्रातल्या नेहमीच्या सूत्राने ०.९१ येतो. माणसं तीच, मतभेद तेवढेच. पण सरासरीत वैयक्तिक आवडी एकमेकींना खोडून काढतात आणि सामाईक तेवढं वर राहतं.

खासगी आवड किती आणि सामाईक किती, हे वेगळं काढायचा प्रयत्न योहानेस ह्योनेकॉप यांनी २००६ मध्ये केला, आणि वाटणी साधारण निम्मी-निम्मी निघाली. २०१५ मध्ये जुळ्यांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने यात भर घातली: ही खासगी आवड येते कुठून? जनुकांतून येत असती, तर एकसारख्या जुळ्यांची आवड इतर जुळ्यांपेक्षा बरीच जास्त जुळली असती. तशी ती जुळली नाही. आवड मुख्यतः ज्याच्या-त्याच्या अनुभवातून घडते. एका घरात वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचीही वेगवेगळी घडते.

याशिवाय हात सैल असणं किंवा आखडता असणं आहेच. काही लोक कुणालाही सातच्या खाली उतरवत नाहीत, काहींचा आठ म्हणजे आयुष्यातला दुर्मिळ प्रसंग. आणि फोटोंचा क्रमही आड येतो. ओळीने चेहरे बघताना आधीच्या चेहऱ्याला दिलेले गुण पुढच्याला स्वतःकडे ओढतात. २०१६ मध्ये जोडीदार शोधायच्या ॲपसारखी मांडणी करून घेतलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसलं: आधीचा चेहरा आवडला असेल, तर पुढचा आवडण्याची शक्यता वाढते. माझ्या आधी कुणाचा फोटो आला यावर माझे गुण ठरावेत हे ऐकायला विनोदी आहे, पण आकड्यांत ते उतरतं.

शंभर मतं घेऊनही का भागत नाही

इथवर वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, एकाच्या मतावर विसंबू नका. शंभर जणांना विचारा. सरासरी घ्या. खासगी आवड, सैल हात, क्रम हे सगळं शंभरात विरून जाईल.

बरोबर. ते विरून जातं. पण फोटो विरत नाही, कारण शंभरही जणांनी तोच फोटो बघितलेला असतो. या सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे, म्हणून हे एका उदाहरणाने नीट सोडवून बघू. पुढचे आकडे मी गणितासाठी धरलेले आहेत. फक्त माणसाचा आणि फोटोचा वाटा सारखा धरताना वर सांगितलेल्या निष्कर्षांचा आधार घेतला आहे.

'क' नावाची एक व्यक्ती घेऊ. गुण १ ते १०. कुणीही एकाने दिलेले गुण पाच गोष्टींनी वर-खाली होतात. पहिली, माणूस: माणसामाणसांतला खरा फरक, म्हणजे सगळे फोटो आणि सगळे बघणारे धरून निघेल ती सरासरी. याचा नेहमीचा चढउतार ०.८ गुण धरू. दुसरी, फोटो: त्याच माणसाच्या फोटोंमधला चढउतार, तोही ०.८. तिसरी, सैल किंवा आखडता हात: १.२. चौथी, बघणाऱ्याची खासगी आवड: ०.८. पाचवी, क्रम, मूड, कंटाळा वगैरे उरलेलं सगळं: १.०.

असे एकमेकांशी संबंध नसलेले चढउतार सरळ बेरजेने वाढत नाहीत, त्यांचे वर्ग बेरजेने वाढतात. वर्ग अनुक्रमे ०.६४, ०.६४, १.४४, ०.६४ आणि १.००. बेरीज ४.३६. त्यात 'माणूस' किती? ०.६४ भागिले ४.३६, म्हणजे जवळपास १५ टक्के. एका माणसाने एका फोटोला दिलेल्या गुणांच्या फरकात माणसाचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास.

आता शंभर वेगवेगळ्या लोकांना तोच फोटो दाखवू. हात, आवड आणि उरलेलं या तिघांची बेरीज ३.०८ आहे; शंभर मतांत ती शंभराने भागली जाते आणि ०.०३ उरते, म्हणजे जवळपास शून्य. पण फोटोचे ०.६४ जिथल्या तिथे. म्हणजे ०.६४ माणूस, ०.६४ फोटो, ०.०३ बाकी. माणसाचा वाटा ४९ टक्के. शंभराऐवजी दहा हजार लोकांना विचारलं तर? ५० टक्के. तिथून पुढे तो हलत नाही, कितीही माणसं गोळा करा.

आता तेच शंभर लोक वेगळ्या रीतीने वापरू. 'क'चे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले दहा फोटो घ्यायचे आणि प्रत्येक फोटो नव्या दहा जणांना दाखवायचा. मतं शंभरच. पण आता फोटोचे ०.६४ दहाने भागले जाऊन ०.०६४ होतात. माणसाचा वाटा ०.६४ भागिले ०.७३, म्हणजे सुमारे ८७ टक्के. खर्च तेवढाच, कष्ट तेवढेच, फक्त लोकांऐवजी फोटो वाढवले.

यातला धोकादायक भाग पुढे आहे. शंभर मतांवर आधारलेल्या गुणांसोबत बऱ्याचदा चूक किती असेल तेही लिहून येतं. 'क'ला मिळाले ६.२, आणि मतांच्या पसाऱ्यावरून काढलेली चूक-मर्यादा येते अधिक-उणे ०.३५ च्या आसपास. वाचणाऱ्याला वाटतं, खरा आकडा ५.९ ते ६.५ मध्ये कुठेतरी आहे. ही मर्यादा खोटी नाही. ती त्या फोटोच्या गुणांची मर्यादा आहे. 'क'च्या गुणांची मर्यादा काढायची तर फोटोचा चढउतार धरावा लागतो आणि ती अधिक-उणे १.६ वर जाते. म्हणजे ४.६ ते ७.८. एका टोकाला 'बेताचा', दुसऱ्या टोकाला 'देखणा'. आणि खेदाची गोष्ट अशी की हातात फोटो एकच असेल तर हा चढउतार त्यातून काढताच येत नाही. ६.२ मध्ये माणसाचे किती आणि फोटोचे किती, ते वेगळे करायला निदान दुसरा फोटो लागतोच. कुठलंही सूत्र ही उणीव भरून काढू शकत नाही.

दहा फोटोंतून सगळ्यात चांगला निवडून टाकला की आणखी एक गंमत होते. याच आकड्यांनी, दहातला सर्वोत्तम फोटो त्या माणसाच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा सुमारे १.२ गुण वर असतो. शेजारी दुसऱ्या कुणाचा ओळखपत्रावरचा फोटो असेल, तर दोघांमधला दीड-दोन गुणांचा फरक हा निव्वळ निवडीचा फरक असू शकतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा तुलनेला तुलना म्हणूच नये.

मग मोजलं काय जातं?

काहीच नाही, असं मात्र नाही. तेही चुकीचं ठरेल. शंभर जणांची सरासरी हा बऱ्यापैकी पक्का आकडा असतो; उद्या तशाच दुसऱ्या शंभर जणांना तोच फोटो दाखवला तर जवळपास तोच येईल. तो एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर आहे: हा फोटो, या क्रमात, अशा प्रकारच्या अनोळखी लोकांना, सेकंदा-दोन सेकंदांत सरासरीने किती बरा वाटतो? या प्रश्नात 'फोटो' आहे, 'अनोळखी' आहे, 'अशा प्रकारच्या' आहे. यांतला एकही शब्द गाळून चालत नाही.

सरासरीत जे सामाईक वर राहतं, त्यात चेहऱ्याच्या ठेवणीचा भाग आहेच. अनेक चेहरे एकमेकांत मिसळून केलेला सरासरी चेहरा बहुतेक सुट्या चेहऱ्यांपेक्षा लोकांना जास्त आवडतो, हे १९९० मध्ये लँगलॉइस आणि रॉगमन यांनी दाखवलं. त्याआधी एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापून 'गुन्हेगाराचा नमुना' शोधायला सुरुवात केली होती, आणि हाती आला तो सुट्या चेहऱ्यांपेक्षा बरा दिसणारा चेहरा. पण ठेवणीबरोबरच त्या सामाईक भागात त्वचेचा एकसारखेपणा, दिसणारं वय, केसांची निगा, हसू आणि फोटोग्राफरचं कसब हेही मिसळलेलं असतं. बघणारा यांचे वेगळे गुण देत नाही. तो एकच आकडा देतो.

संगणकाकडून गुण घेतले तर हा प्रश्न सुटतो असा एक समज आहे, कारण संगणकाचा मूड बिघडत नाही आणि तो कंटाळत नाही. पण त्याला शिकवतात कशावर? या क्षेत्रात बराच वापरला जाणारा एक संच आहे SCUT-FBP5500, साउथ चायना युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेला. त्यात ५,५०० चेहऱ्यांचे फोटो आहेत. चार हजार आशियाई, दीड हजार गोरे. साठ जणांनी त्यांना १ ते ५ गुण दिलेले. यावर शिकलेले चांगले प्रोग्रॅम साठ जणांच्या सरासरीशी ०.९ च्या आसपास सहसंबंध दाखवतात, आणि जाहिरातीत हाच आकडा 'अचूकता' म्हणून मिरवला जाऊ शकतो. पण ०.९ कशाशी? त्याच फोटोच्या सरासरीशी. प्रोग्रॅम साठ अनोळखी लोकांची नक्कल शिकला, आणि फोटोचा दोष त्या साठ जणांसकट त्याच्याकडेही आला. नाक सेल्फीमुळे मोठं आहे हे साठ जणांना कळलं नव्हतं, तर त्यांच्याकडून शिकलेल्याला कुठून कळणार? शिवाय जे चेहरे संचात कमी किंवा अजिबात नाहीत, त्यांच्यासाठी तर तो त्या साठ जणांची नक्कलही धड करू शकत नाही.

हा आकडा प्रत्यक्षातल्या आकर्षणाला कितपत लागू पडतो? सुरुवातीला थोडाफार. पण ओळख वाढते तसं लोकांमधलं एकमत घटत जातं. पॉल ईस्टविक आणि लूसी हंट यांनी २०१४ मध्ये एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की जुनी ओळख असलेल्यांमध्ये 'कोण आकर्षक' यावर सगळ्यांचं एक मत कमी आढळतं आणि 'मला कोण आवडतं' याचं पारडं जड होतं. शंभर अनोळखी लोकांची सरासरी ही नेमकी या खासगी आवडीला पुसून मिळवलेली असते. ज्या गोष्टीवर पुढे नाती ठरतात तीच गाळून हा आकडा तयार होतो.

आकडा हातात आलाच, तर

काही गोष्टी तपासता येतात. पहिली म्हणजे सरासरीमागचा पसारा. ५.५ सरासरी दोन रीतींनी येऊ शकते: बहुतेकांनी पाच-सहा दिले, किंवा निम्म्यांनी तीन आणि निम्म्यांनी आठ दिले. दुसऱ्या प्रसंगी '५.५' असं कुणाचंच मत नाही. कोणते गुण किती जणांनी दिले हे दाखवलं जात नसेल, तर नुसत्या सरासरीवरून या दोन्हींतला फरक कळायला मार्ग नाही.

दुसरी, तोच फोटो पुन्हा. तोच फोटो त्याच लोकांपुढे काही दिवसांनी दुसऱ्या क्रमात ठेवला आणि वैयक्तिक गुण दोन-दोनने हलले, तर उरलेला गोंधळ किती मोठा आहे ते दिसतं. सरासरी हलली नाही म्हणून खूश होऊ नये. ती फोटोमुळे जागेवर आहे.

तिसरी आणि खरी कसोटी म्हणजे दुसरा फोटो. तोही पहिल्यासारखाच नको. त्याच खोलीत, त्याच उजेडात, त्याच मिनिटाला काढलेले पाच फोटो गणिताच्या दृष्टीने एका फोटोपेक्षा थोडेसेच जास्त. दिवस वेगळा, अंतर वेगळं, फोटो काढणारा वेगळा, आणि शक्य तर निवड न करता, सापडतील तसे. अशा सहा-सात फोटोंना वेगवेगळ्या लोकांकडून गुण घेतले आणि ते ४.८ पासून ७.१ पर्यंत पसरले, तर तो पसाराच सगळ्यात उपयोगी माहिती आहे.

निवड करायचीच असेल, तर ती कुणी करावी यावरही अभ्यास आहे. २०१७ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःच्या बारा फोटोंमधून प्रोफाइलसाठी योग्य फोटो निवडायला सांगितले. मग अनोळखी लोकांनाही त्याच फोटोंमधून निवडायला सांगितलं. तिसऱ्याच गटाने गुण दिले, तेव्हा अनोळखी लोकांनी निवडलेले फोटो जास्त अनुकूल ठरले. स्वतःचा चेहरा तर आपल्या सर्वांत ओळखीचा. तो बघताना आपण डच लोकांसारखे असतो, आणि समोरच्या अनोळखी माणसाला त्या फोटोत काय दिसेल हेच नेमकं आपल्याला दिसत नाही.